पैशांचे खाडे

दिवाळी संपून आठवडा-दोन आठवडे झाले असतील. सकाळी खानावळवाल्या ताई दारात उभ्या. एका हातात चकलीचा डबा, दुसऱ्या हातात मोबाइल. "काका, हे दोनशे त्र्याऐंशी रुपये वीस पैसे कशाचे कापले ते आधी सांगा. चकली मग."

मी बँकेतून 2023 साली निवृत्त झालो. 1986 ला क्लार्क म्हणून लागलो आणि सगळी नोकरी पुण्यातल्याच शाखांमधून केली. त्यामुळे आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत कुणाच्या खात्यात काही कमीजास्त झालं, की ते माझ्याकडे येतं. ताई तळमजल्यावर आठ-दहा विद्यार्थ्यांची खानावळ चालवतात. त्यांचं बचत खातं माझ्या बँकेत नाही, एका खासगी बँकेत आहे. तरी या प्रकरणात थोडा दोष माझाही होता, हे मला त्यांचं स्टेटमेंट उघडल्यावर कळलं.

कापलेल्या रकमेपुढे कारण लिहिलं होतं: सरासरी मासिक शिल्लक कमी, महिना सप्टेंबर. ताईंचा पहिला आक्षेप तिथेच. "सप्टेंबरचं आता नोव्हेंबरात? आणि सप्टेंबरात तर माझ्याकडे सव्वीस हजार होते! दहा हजार लागतात, तुम्हीच सांगितलेलं."

सांगितलं होतं खरं. खातं उघडताना त्यांनी विचारलं, तेव्हा मी सवयीने म्हणालो होतो, "मिनिमम दहा हजार ठेवा." छत्तीस-सदतीस वर्षं काउंटरवर हेच वाक्य म्हटलं. त्याचे लोक दोन अर्थ लावतात. काहींना वाटतं, दहा हजारांच्या खाली शिल्लक एक दिवससुद्धा जाता कामा नये, आणि ते औषधाला पैसे लागले तरी शेजाऱ्याकडून उसने घेतात. काहींना वाटतं, महिन्यातून एकदा दहा हजार दाखवले की झालं. दोन्ही अर्थ चुकीचे. पण 'मिनिमम' हा शब्दच तसा आहे, आणि तो आमच्या तोंडात बसला त्याला एक इतिहास आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा बचत खात्याचं व्याज खरोखरच किमान शिल्लकेवर मिळायचं. महिन्याच्या 10 तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. लेजर जाडजूड, शिल्लक हाताने मांडलेली, आणि प्रत्येक खात्याच्या पानावर महिन्याची सगळ्यात कमी रक्कम शोधून काढणं हे नव्या क्लार्कचं काम. सहामाहीला आम्ही रात्री उशिरापर्यंत त्याच्या बेरजा करत बसायचो. रोजची शिल्लक गुणत बसलो असतो तर पुढची सहामाही उजाडली असती. म्हणजे तो नियम ग्राहकाला लुबाडण्यासाठी केलेला होता असं मी म्हणणार नाही. हाताने हिशेब करायचा तर त्याहून बारीक चाळणी परवडणारी नव्हती. पण त्याचा फायदा कुणाला व्हायचा, तेही आम्हाला दिसत होतं.

निवृत्त शिक्षक आणि पेन्शनर मंडळी तो नियम पाठ करून होती. ज्यांना तो माहीत नव्हता, ते फसायचे. समजा एखाद्याचे खात्यात महिनाभर 50,000 रुपये पडून आहेत. 29 तारखेला त्याने मुलीच्या फीसाठी 45,000 काढले आणि दोन दिवसांनी, म्हणजे पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला, परत भरले. पैसे काढले नसते तर साडेतीन टक्के दराने त्याला महिन्याचं व्याज 145 रुपये 83 पैसे मिळालं असतं. मिळायचं 14 रुपये 58 पैसे. कारण त्या महिन्यातली सगळ्यात कमी शिल्लक 5,000 होती. आधीचे अठ्ठावीस दिवस कुणी पाहतच नव्हतं.

हे 1 एप्रिल 2010 ला बदललं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बचत खात्याचं व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजायला सुरुवात झाली. तोवर शाखा संगणकाने जोडल्या गेल्या होत्या, रोजचा गुणाकार यंत्र करत होतं. दर रात्री खात्यात जी शिल्लक उरेल, ती त्या दिवसाची. ती जमा होत जाते, आणि ठरलेल्या दिवशी बेरीज करून व्याज जमा होतं. 10 तारखेचं महत्त्व संपलं. व्याजातला 'मिनिमम' गेला, पण आमच्या बोलण्यातला राहिला, आणि दंडाच्या नियमात त्याच शब्दाखाली सरासरी मोजली जाऊ लागली.

हे सगळं ताईंना सांगून काही उपयोग नव्हता. त्यांना त्यांच्या 283 रुपयांचं हवं होतं. मी वही घेतली आणि त्यांच्या सप्टेंबरचं स्टेटमेंट उतरवायला लागलो. ताईंचे बरेच व्यवहार रोखीत होतात, भाजीमंडईत, दुधवाल्याकडे. या खात्यात फक्त मुलांचे यूपीआयने येणारे पैसे आणि तीन-चार मोठे खर्च. त्यामुळे हिशेब सुटसुटीत निघाला.

1 सप्टेंबरला शिल्लक होती 2,400. गणपतीसाठी मुलं गावी गेलेली, कुणीच पैसे दिले नव्हते. 5 तारखेला सगळ्यांचे मिळून 24,000 आले, शिल्लक 26,400. 8 तारखेला घरभाड्याचे 15,000 आपोआप गेले, कारण ती तारीख त्यांनी बँकेत लावून दिलेली. उरले 11,400. 12 तारखेला वाण्याचे 8,000 दिले, उरले 3,400. 21 तारखेला गॅस आणि किरकोळ मिळून 1,900 गेले, आणि महिनाअखेरपर्यंत 1,500 राहिले.

"बघा," ताई म्हणाल्या, "सव्वीस हजार होते ना!"

"होते. किती दिवस होते?"

त्यांनी बोटांवर मोजलं. पाच, सहा, सात. तीन दिवस.

मला एकदम त्यांच्या भिंतीवरचं कालनिर्णय आठवलं. त्यावर प्रत्येक मुलाच्या नावाचं आद्याक्षर आणि तो ज्या दिवशी जेवला नाही त्या चौकोनात फुली. खाडा. महिनाअखेरीला त्या फुल्या मोजतात आणि तेवढे दिवस वजा करून पैसे घेतात. मी म्हटलं, "ताई, एखादा मुलगा महिन्यात तीन दिवस येऊन भरपेट जेवला, पाहुणेही घेऊन आला, आणि उरलेले दिवस फिरकलाच नाही, तर तुम्ही त्याला महिनाभर जेवला असं धराल?"

"कशी धरीन? ताटं मोजीन."

"बँक ताटंच मोजते. एक रुपया एक रात्र खात्यात राहिला की एक ताट."

मग आम्ही दोघांनी ताटं मोजली. पहिले चार दिवस रोज 2,400, म्हणजे 9,600. पुढचे तीन दिवस रोज 26,400, म्हणजे 79,200. नंतर चार दिवस 11,400, ते 45,600. मग नऊ दिवस 3,400, ते 30,600. आणि शेवटचे दहा दिवस 1,500, म्हणजे 15,000. बेरीज झाली 1,80,000. महिन्याचे दिवस 30. भागाकार 6,000. हीच ताईंची सप्टेंबरची सरासरी शिल्लक.

त्यांच्या बँकेला हवी होती 10,000. तूट 4,000 रुपयांची. बँकेच्या दरपत्रकात लिहिलं होतं, तुटीच्या सहा टक्के. ते झाले 240. त्यावर अठरा टक्के जीएसटी, 43 रुपये 20 पैसे. एकूण 283 रुपये 20 पैसे. पैसा न् पैसा जुळला. ताई वहीकडे बघत राहिल्या. "म्हणजे बँक आमच्या पैशांचे खाडे मोजते!"

इतक्या वर्षांत सरासरी शिल्लकेची याहून चांगली व्याख्या मी ऐकली नाही.

मग मी माझं जुनं काम केलं. दंड नियमाने लागला आहे का, ते पाहिलं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2014 मध्ये यासाठी नियम घालून दिले, ते एप्रिल 2015 पासून लागू झाले. आधी ग्राहकाला तूट झाल्याचं कळवायचं, एसएमएसने, ईमेलने किंवा पत्राने. कळवल्यानंतर शिल्लक भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात घ्यायचा, सगळ्यांना सरसकट एकच नाही. आणि केवळ दंडामुळे खातं उणे जाता कामा नये. ताईंच्या मोबाइलमध्ये शोधलं तर 3 ऑक्टोबरचा एसएमएस सापडला, नवरात्राच्या सेलच्या जाहिरातींमध्ये दबलेला. मग महिना उलटल्यावर दंड. सप्टेंबरचं नोव्हेंबरात का, याचं उत्तर त्यातच होतं.

"पण हा मेसेज मी वाचला होता," ताई म्हणाल्या. "वाचून लगेच खातं बघितलं. दोन-तीन दिवसांत मुलांचे पैसे आले, पंचवीसच्या वर होते. म्हटलं, चुकून आला असेल."

ही चूक मी शेकडो लोकांना करताना पाहिली आहे. एसएमएस सरासरीबद्दल असतो आणि माणूस शिल्लक बघतो. शिल्लक आजची असते, सरासरी संपूर्ण महिन्याची. 6 तारखेला खातं भरलेलं दिसतं, आणि महिन्याचे खाडे अजून पुढेच असतात. ऑक्टोबरात दिवाळीची सुट्टी, मुलं पुन्हा गावी. तोही महिना तुटीचाच गेला.

शाखेत जाऊन पैसे परत मागितले तर मिळाले नाहीत. माणसं नीट बोलली, पण नोटीस गेली होती, महिना दिला होता, रक्कम प्रमाणात होती. भांडायला जागा नव्हती. तेव्हा पुढचं बघायचं ठरलं.

मी त्यांना दुसऱ्या बँकांचंही सांगितलं. स्टेट बँकेने एप्रिल 2017 मध्ये हा दंड पुन्हा सुरू केला होता, तेव्हा पुण्यासारख्या शहरात 5,000 ची सरासरी ठेवावी लागे. ओरड झाली, त्याच वर्षी ती 3,000 वर आली, आणि मार्च 2020 मध्ये अटच काढून टाकली. 2025 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक अशा आणखी काही सरकारी बँकांनीही दंड बंद केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने मात्र शहरांतल्या नव्या खात्यांसाठी सरासरीची अट 50,000 केली आणि चार-आठ दिवसांत ती 15,000 वर आणली. किमान शिल्लक किती ठेवायची ते प्रत्येक बँकेने ठरवायचं, असं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तेव्हा म्हणाले होते. शिवाय कुठल्याही बँकेत शिल्लकेची अट नसलेलं बेसिक बचत खातं मागता येतं, पण तेव्हाच्या नियमाने त्यात महिन्याला चारच वेळा मोफत पैसे काढण्याची हमी असे, आणि त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. ताईंना खातं बदलायचं नव्हतं. भिंतीवरचा क्यूआर, मुलांच्या आईवडिलांकडे दिलेला नंबर, सगळं याच खात्याचं. "दहा हजार ठेवायचे कुठून ते सांगा," म्हणाल्या.

मी सप्टेंबरचंच पान पुन्हा पुढे ओढलं. महिन्याला 10,000 ची सरासरी म्हणजे तीस दिवसांची 3,00,000 ताटं. ताईंची भरली 1,80,000. कमी पडली 1,20,000. ही तूट महिन्यात केव्हा भरायची, त्यावर किती पैसे लागतील ते ठरतं. 21 तारखेला जाग आली असती, तर दहा दिवस हातात होते, 12,000 जास्तीचे ठेवून भागलं असतं. 26 तारखेला आली असती तर पाचच दिवस, मग 24,000. आणि 30 तारखेला आली असती तर एका रात्रीसाठी सव्वा लाखाच्या आसपास उसने आणावे लागले असते. कमी पडलेल्या ताटांना उरलेल्या रात्रींनी भागायचं, एवढंच गणित. त्यात आजची रात्र धरायची. मात्र पैसे दिवसभर येऊन संध्याकाळी गेले तर ते मोजले जात नाहीत, दिवसअखेर जे उरतं तेच धरतात. आणि शनिवारी काढलेले पैसे रविवारचंही ताट घेऊन जातात, कारण सुट्टीच्या दिवशी व्यवहार झाला नाही तर आदल्या दिवसाचीच शिल्लक चालू राहते.

"हे सगळं जास्तीच्या पैशांचं झालं," ताई म्हणाल्या. "जास्तीचे आणू कुठून?"

मी स्टेटमेंटवरून बोट फिरवत होतो आणि ते 8 तारखेवर थांबलं. घरभाडं. "ही तारीख कुणी ठरवली?"

"मीच. पैसे आल्या आल्या देऊन टाकलेले बरे."

"मालक कधी मागतात?"

"ते काही म्हणत नाहीत. महिन्याच्या मध्यापर्यंत मिळालं की झालं."

15,000 रुपये 8 ऐवजी 16 तारखेला गेले असते, तर ते आठ रात्री जास्त खात्यात राहिले असते. पंधरा हजार गुणिले आठ. एक लाख वीस हजार. मी आकडा लिहिला आणि दोनदा पाहिला. नेमकी तेवढीच तूट. बाहेरून एक रुपया न आणता, एकही खर्च न टाळता, फक्त भाडं आठ दिवस उशिरा दिल्याने सरासरी बरोबर 10,000 झाली असती. आकडे इतके चपखल बसणं हा योगायोग. पण ज्याच्या खात्यात पैसे येतात आणि लगेच जातात, त्याची सरासरी किती पैसे आले यापेक्षा ते किती रात्री थांबले यावर ठरते, ही गोष्ट योगायोगाची नाही.

तेव्हा मला माझंच वाईट वाटलं. "मिनिमम दहा हजार ठेवा" असं सांगून मी त्यांना जास्तीचे पैसे शोधायला लावलं होतं. खरं सांगायला हवं होतं ते इतकंच, की आलेले पैसे थोडे सावकाश जाऊ द्या. सगळ्या नोकरीत मी हे किती जणांना सांगितलं असतं तर किती दंड वाचले असते, याचा हिशेब मी केला नाही. तो करण्यासारखा नाही.

याला मर्यादा आहेत, त्याही त्यांना सांगितल्या. 31 दिवसांच्या महिन्यात ताटं 3,10,000 लागतात, त्यामुळे काठावर चालणाऱ्याने थोडी जास्त पुंजी ठेवावी. मुलांचे पैसे 5 ऐवजी 9 तारखेला आले, तर सगळा डाव चार दिवसांनी मागे सरकतो. आणि कापलेला दंडही खात्यातूनच जातो, म्हणून ज्या महिन्यात तो कापला जातो त्या महिन्याची सरासरी तोच आणखी थोडी खाली ओढतो. काही बँका महिन्याऐवजी तिमाहीची सरासरी धरतात. तिथे एक भरलेला महिना दोन रिकाम्या महिन्यांना सांभाळून घेतो. आपली बँक कोणती सरासरी मोजते, हे दरपत्रकात पाहिल्याशिवाय गणित मांडायला बसू नये.

ताईंनी भाड्याची तारीख डिसेंबरपासून 16 केली. वाण्यालाही 12 ऐवजी 18 सांगितलं, तो ओळखीचा होता. कालनिर्णयच्या चौकोनात मुलांच्या फुल्यांखाली आता रात्रीची शिल्लक लिहिली जाते, शंभराच्या पटीत, शिसपेन्सिलीने. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्या डिसेंबरचं पान फाडून घेऊन आल्या. बेरीज त्यांनीच केली होती: 3,16,200. भागिले 31, सरासरी 10,200. दंड नाही.

"आता व्याज सांगा," म्हणाल्या. "दंडाचं गणित ज्या ताटांवर, व्याजाचं त्याच ताटांवर, असं तुम्ही म्हणाला होता."

म्हणालो होतो. रोजच्या शिल्लकेची तीच बेरीज घ्यायची, तिला दराने गुणायचं, आणि वर्षाच्या दिवसांनी भागायचं. त्यांच्या बँकेचा दर अडीच टक्के. 3,16,200 चे अडीच टक्के 7,905, त्याला 365 ने भागलं. एकवीस रुपये सहासष्ट पैसे. सप्टेंबरच्या 1,80,000 वर बारा रुपये तेहेतीस पैसे आले होते. म्हणजे सप्टेंबरात त्याच एका बेरजेवरून बँकेने त्यांना बारा रुपये दिले आणि दोनशे त्र्याऐंशी घेतले. जवळजवळ तेवीसपट.

ताईंनी आकडे पुन्हा वाचले. पान घडी करून कमरेला खोचलं.

"काका, माझ्याकडे जो मुलगा महिनाभर खाडा करत नाही, त्याला मी शेवटच्या रविवारी फीस्टला एक वाटी श्रीखंड जास्त देते. एकवीस रुपयांत तेही येत नाही हो."